एका वर्गशिक्षिकेस वर्षअखेरचें पत्र

[माझ्या धाकट्या मुलीच्या इयत्ता तिसरीच्या वर्गशिक्षिकेस मीं लिहिलेलें हें पत्र आहे. तें वाचल्यावर बाईंनींच सुचविलें कीं, नांवें गाळून तें छापावयास द्यावें. कारण असें मूल आमच्या एकट्याच्याच घरीं असेल असें नाहीं. त्यांच्या अनुमतीनें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.]

तेल्हारा, ता. १ मे २०२५

सौ. बाई यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आज महाराष्ट्रदिनाचें झेंडावंदन आटोपून धाकटी निकालपत्रक घेऊन घरीं आली. तें तिनें प्रथम आजोबांच्या हातीं दिलें, मग आजीच्या, मग काकांच्या, आणि सर्वांत शेवटीं माझ्या. हा क्रम तिनें मुद्दाम लावला नसेल. परंतु मला तो योग्यच वाटला. गेल्या दोन वर्षांत तिच्या अभ्यासाविषयीं या घरांत जें कांहीं कठोर बोललें गेलें त्यांतील बहुतेक माझ्या तोंडचें होतें. त्या निकालपत्रकांतील श्रेणींविषयीं मला आज लिहावयाचें नाहीं. लिहावयाचें आहे तें आपण जें पाहिलें आणि आम्हीं नऊ माणसांनीं एका घरांत राहून जें पाहिलें नाहीं, त्याविषयीं.

तिच्यासंबंधानें आमची तक्रार काय होती, हें आपणांस ठाऊक आहेच. तिचें लक्ष नसतें. एकदां सांगून ऐकत नाहीं. हांक मारली तर तिसऱ्या हांकेला ओ देते. शुद्धलेखनाची वही लाल शाईनें भरलेली असते. दुसरीच्या वर्षीं पावसाळ्यानंतर ही तक्रार वाढली. मीं उपाय केला तो असा: रोज संध्याकाळीं ओसरीवर तिला बसवावें, आपण झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र चाळतां चाळतां वीस शब्द सांगावे, आणि चुकलेला प्रत्येक शब्द तिजकडून दहा वेळां लिहवून घ्यावा. ती मुकाट्यानें लिहीत असे. एकदां तिनें एकच शब्द दहा वेळां लिहिला आणि दाहीही वेळां चुकीचा लिहिला. कारण तिनें जो ऐकला होता तो तिनें बरोबरच लिहिला होता. त्या दिवशीं मीं वही भिरकावून दिली. तो शब्द कोणता होता हें आज मला आठवत नाहीं; वही उचलून आणतांनाचा तिचा चेहरा मात्र आठवतो.

कानांचा संशय आम्हांला आला नाहीं याला एक कारण होतें, आणि तें लटकें नव्हतें. आमचे तीर्थरूप तिला रोज मांडीजवळ घेऊन स्तोत्रें शिकवीत. एक ओळ ते म्हणत, एक ती म्हणे, आणि उच्चार असा स्वच्छ कीं ते अभिमानानें म्हणावयाचे, “हिचा कान तिखट आहे.” ज्या मुलीचें पाठांतर इतकें चांगलें, तिला ऐकूं येत नसेल असें कोणास वाटावें? आजोबांचें तोंड तिच्या कानापासून हातभर अंतरावर असतें, भोंवतीं दुसरा आवाज नसतो, ओळ रोजची ठरलेली असते आणि ओंठ समोर दिसत असतात, हें आमच्या लक्षांतच आलें नाहीं. कान तपासावयाचा म्हटला तर त्याला सर्वांत सोपी परीक्षा आम्हीं रोज देत होतों, आणि ती उतरली म्हणून निश्चिंत राहत होतों.

शाळेंत आरोग्य-तपासणीचें पथक येतें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाल्यापासून तें वर्षांतून एकदां शाळेंतील मुलांस पाहून जातें. तें या वर्षीं जुलैच्या आरंभीं आलें, तेव्हां तिला सर्दी नव्हती आणि कांहीं निघालेंहि नाहीं. त्यांत कोणाची चूक नव्हती. तिचा विकारच असा कीं, तो कांहीं आठवडे असतो आणि कांहीं आठवडे ओसरतो; ज्या दिवशीं पाहिलें त्या दिवशीं तो नसला तर तपासणीचा कागद कोराच राहतो.

आपण मात्र तिला रोज पाहत होतां. पोळ्याच्या दुसऱ्या आठवड्यांत आपण आमच्या घरीं आलांत, तो दिवस मी विसरणार नाहीं. आपण तिची तक्रार घेऊन आला आहांत असें समजून मीं तिला हांक मारण्यास तोंड उघडलें, तों आपण म्हणालांत, “तिला राहूं द्या. मला तुम्हांला कांहीं कागद दाखवावयाचे आहेत.” ते कागद मीं आपणांकडून मागून घेतले आणि आज माझ्या मेजाच्या खणांत आहेत. त्यांत काय आहे तें मी येथें पुन्हां लिहितों. कारण आपण तें इतक्या सहज सांगितलेंत कीं, त्यामागचा विचार किती नेटका होता हें मला पुढें महिनाभरानें उमगलें.

पहिल्यानें आपण तिच्या चुकांचे दोन ढीग केलेत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, जोडाक्षरांच्या चुका, या सगळ्याच वर्गाच्या होत्या; त्या डोळ्यांच्या चुका. पण तिच्या वहींत दुसऱ्याहि चुका होत्या. ‘शेतांत’ याचें ‘शेता’, ‘मुलांस’ याचें ‘मुला’. ‘काठ’ याचें ‘ताठ’ आणि ‘फळ’ याचें ‘थळ’. आपल्या भाषेंत नातें सांगणारा प्रत्यय शब्दाच्या शेपटीला असतो आणि बोलतांना आवाज तेथेंच पडतो. स, त, क, फ यांसारखे घोष नसलेले वर्ण मुळांतच हलके. ज्यास मंद ऐकूं येतें त्याच्या हातून प्रथम हेच निसटतात. मधला स्वर मोठा असतो, तो उरतो. म्हणून तिच्या चुकीच्या शब्दांतहि स्वर बहुधा बरोबर असे. ज्यास शुद्धलेखन येत नाहीं त्याची चूक अशी नसते, असें आपण म्हणालांत.

दुसरी गोष्ट आपण अशी पाहिलीत कीं, एकाच दिवसाच्या लेखनांत वरच्या ओळी बऱ्या असत आणि खालच्या बिघडत. ती कंटाळते असें कोणीहि म्हटलें असतें. आपण मात्र स्वतःकडे पाहिलेंत: शब्द सांगतां सांगतां आपण फळ्याजवळून निघून वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत चालत जातां, हें आपल्या ध्यानांत आलें. मग आपण तीन दिवस प्रयोग केला. तो सबंध वर्गाचा केला, तिला एकटीला उठविलें नाहीं, यासाठीं मी आपला विशेष ऋणी आहें. पहिल्या दिवशीं आपण तिच्या समोर तीन-साडेतीन फुटांवर उभें राहून वीस शब्द सांगितले, आणि मागून चौदा-पंधरा फुटांवरून आणखी वीस. पुढच्या विसांत तिचे २ चुकले, मागच्या विसांत ११. दुसऱ्या दिवशीं क्रम उलटा केला, म्हणजे थकव्याची शंका राहूं नये: आधीं मागून सांगितले, त्यांत १० चुकले, मग पुढून, त्यांत पुन्हां २. तिसऱ्या दिवशीं आपण जवळच उभ्या राहिलांत, परंतु वही तोंडासमोर धरलीत, ५ चुकले. वर्गांतील इतर मुलांच्या चुका तिन्ही दिवस जेथल्या तेथें होत्या.

त्या तीन दिवसांच्या आंकड्यांतच सारें उत्तर होतें. अंतर वाढलें कीं चुका वाढतात, म्हणजे दोष आवाज पोंचण्यांत आहे. जवळ असूनहि ओंठ झांकले कीं चुका वाढतात, म्हणजे मूल कानाची उणीव डोळ्यांनीं भरून काढीत आहे. आपण आणखी एक सांगितलेंत: आपण फळ्याकडे वळून बोलूं लागलांत कीं ती अगदीं स्तब्ध होते, आणि “पुस्तकें काढा” म्हटलें कीं ती सर्वांच्या मागून, शेजारणीचा हात पाहून, क्षणभर उशिरानें दप्तर उघडते. “मी वैद्य नाहीं,” आपण म्हणालांत, “तेव्हां काय झालें आहे तें मी सांगूं शकत नाहीं. पण ही मुलगी दुर्लक्ष करीत नाहीं. वर्गांत सर्वांत अधिक लक्ष तीच देते. संध्याकाळीं ती थकून कां पडते तें मला आतां कळलें.”

आपण गेल्यावर आमच्या घरांत दोन तट पडले. मातोश्रींनीं लसूण घालून कढविलेलें तेल कोमट करून कानांत घालावयास काढलें. काकूंनीं मळ काढणाऱ्यास बोलवावें असें सुचविलें. आपण जातांना दाराशीं “तपासण्यापूर्वीं कानांत कांहीं घालूं नका” एवढें बोलून गेलां होतांत, म्हणून तें राहिलें. दोन दिवसांनीं मी तिला घेऊन एस. टी. नें अकोटमार्गें अकोल्यास कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे गेलों.

तेथें झालें तें थोडक्यांत सांगतों. डॉक्टरांनीं दिव्याच्या नळींतून कान पाहिले. निरोगी पडदा मोत्यासारखा चमकतो. हिचा पडदा मळकट, पिवळसर दिसत होता. मग एक चिमटा ठोकून तो प्रथम कानासमोर आणि मग कानामागील हाडावर टेकवला, आणि कोठें मोठें ऐकूं येतें असें विचारलें. हवेंतून ऐकणें हें हाडांतून ऐकण्यापेक्षां चांगलें असावयास पाहिजे. तिनें दोन्ही बाजूंस हाडाकडे बोट दाखविलें. पुढें बंद खोलींत यंत्रानें श्रवण मोजलें. उजव्या कानाला ३० डेसिबल आणि डाव्याला ४० डेसिबल इतका आवाज झाल्यावांचून तिला ऐकूं येत नव्हतें. हाडावरून मोजलें तेव्हां मात्र आंकडा १० च्या आंतच आला. याचा अर्थ असा कीं, आंतला कान, जो खरा ऐकतो, तो चांगला होता. आवाज त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट अडलेली होती. शेवटीं कानांत हवेचा हलका दाब देऊन पडदा किती हलतो तें पाहिलें. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा चढतो आणि उतरतो. हिच्या दोन्ही कानांचे आलेख सपाट होते. पडदा हलत नव्हता, कारण त्याच्यामागें पाणी सांचलेलें होतें.

मधल्या कानांत हवा असावी लागते, आणि ती घशाच्या मागून येणाऱ्या एका बारीक नळीनें पोंचते. मुलांत ही नळी आंखूड आणि जवळजवळ आडवी असते. वय वाढेल तशी ती लांब आणि तिरकी होते. सर्दीनें, किंवा नाकामागच्या वाढलेल्या गांठीनें, तिचें तोंड बंद झालें कीं आंतली हवा शोषली जाते आणि तेथें पाझर जमतो. पुढें तो चिकासारखा घट्ट होतो. यांत कान दुखत नाहीं, वाहत नाहीं, ताप येत नाहीं. म्हणूनच मूल रडत नाहीं आणि घरचें माणूस कान पाहत नाहीं. मातोश्रींना डॉक्टरांनीं चित्र काढून दाखविलें: पाणी पडद्याच्या आंत, तेल पडद्याच्या बाहेर, मधला पडदा शाबूत असतां तें तेल तेथें कसें पोंचणार? आणि पडद्याला भोंक असेल तर तेल आंत जाऊन अपायच होणार. मातोश्रींना तें लगेच पटलें. मला वाटतें, आजपर्यंत त्यांना कोणीं चित्र काढून दाखविलेंच नव्हतें.

मी औषध मागितलें. डॉक्टर म्हणाले, “तीन महिने वाट पाहूं.” मला हें उत्तर टाळाटाळीचें वाटलें, तें त्यांनीं ओळखलें. असें सांचलेलें पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांच्या आंत आपण होऊन निचरतें. सर्दीच्या गोळ्यांनीं किंवा जंतुनाशक औषधांनीं तें लवकर जातें असें दिसून आलेलें नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हां मोजावें. दोन्ही कान तसेच राहिले तर पडद्यांत बारीकशी नळी बसवितात, ती सहा महिने ते वर्षभर राहून बहुधा आपण होऊन गळून पडते. तोंवर त्यांनीं एकच गोष्ट करावयास दिली: एक नाकपुडी दाबून दुसऱ्या नाकपुडीनें खास फुगा फुगविणें, दिवसांतून तीनदां. त्यानें त्या बंद नळीचें तोंड उघडण्यास मदत होते. घरांत विडी-सिगरेट कोण ओढतें, हेंहि त्यांनीं विचारलें. कारण त्या धुरानें हा विकार वाढतो. काकांची सिगरेट त्या दिवसापासून ओसरीवरून गेली, आणि पुढें घरांतूनच गेली. निघतांना डॉक्टरांनीं विचारलें, “ही गोष्ट कोणाच्या लक्षांत आली?” मीं आपले कागद दाखविले. ते त्यांनीं दोनदां वाचले आणि म्हणाले, “हे तीन महिने या मुलीचें औषध त्या बाईंकडे आहे.”

३० डेसिबल म्हणजे काय, हें मला आंकड्यानें कळलें नाहीं. म्हणून मीं अकोल्याहून कानांत घालावयाचे मऊ बोळे आणले. त्यांनीं सुमारें तेवढाच आवाज कमी होतो. रविवारीं सगळें घर जेवावयास बसलें असतां मीं ते दोन्ही कानांत घालून बसलों. मला आवाज येत होते, परंतु शब्द येत नव्हते. समोर बसलेल्याचें निम्में कळे; शेजारचें कांहींच कळेना. काका कांहीं बोलले आणि सगळे हंसले. मीहि हंसलों, कारण न हंसणें विचित्र दिसलें असतें. तेवढ्यांत माझें लक्ष धाकटीकडे गेलें. ती देखील हंसत होती, आणि आमच्या दोघांचें हंसणें एकाच वेळीं, सर्वांच्या मागून आलें होतें. अर्ध्या तासांत माझें डोकें जड झालें. ती हें सकाळपासून रात्रीपर्यंत करीत होती, आणि त्याउपर रात्रीं माझे वीस शब्द.

त्या रात्रीं मीं तिला विचारलें, “तुला नीट ऐकूं येत नाहीं हें तूं कधीं सांगितलं कां नाहींस?” ती जरा विचारांत पडली. मग म्हणाली, “बाबा, मला वाटायचं सगळ्यांना असंच ऐकूं येतं. बाकीच्यांना अर्ध्यावरून ओळखतां येतं, कारण ते हुशार आहेत.” बाई, या वाक्यानंतर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. ज्याला कधीं अधिक ऐकूं आलें नाहीं त्याला आपणांस कमी येतें हें कसें कळावें? ती आठ वर्षांची मुलगी दोन वर्षें मनांत एकच निष्कर्ष बाळगून होती, आणि तो निष्कर्ष मीं रोज ओसरीवर बसून पक्का करीत होतों. मीं तिची क्षमा मागितली. तिनें ती लगेच केली, मुलें करतात. म्हणूनच ती मागतांना अधिक लाज वाटते.

आपण त्या तीन महिन्यांत काय केलेंत, तें मी तिच्याकडून तुकड्यातुकड्यानें ऐकलें. तिला पहिल्या रांगेंत अगदीं मध्यें न बसवितां आपण दुसऱ्या रांगेंत, आपल्या उजव्या हाताला, अशी बसविलीत कीं तिचा उजवा, म्हणजे त्यांतल्या त्यांत बरा, कान आपल्याकडे राहावा, डावा भिंतीकडे जावा, आणि खडखडणारा पंखा दूर पडावा. पुढच्या रांगेंतील मुलें बोलतांना त्यांचे चेहरेहि तिला वळून पाहतां येत. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. साडेतीन फुटांवरचा आवाज चौदा फुटांवर गेला तर १२ नें. वर्गाच्या खोलींत भिंतींमुळें तो इतका उतरत नाहीं, पण घुमून अस्पष्ट होतो. म्हणजे आपण तिचें बाक हलविलेंत तेव्हां यंत्राशिवाय तिला कांहीं डेसिबल परत दिलेत.

दुसरें, आपण फळ्याकडे तोंड करून बोलणें सोडलेंत. आधीं लिहावें, मग वळून बोलावें. गृहपाठ तोंडीं न सांगतां फळ्याच्या एका कोपऱ्यांत रोज लिहिलात. तिसरें, “ऐकूं आलें ना?” हा प्रश्न आपण टाकून दिलात, कारण त्याला सगळीं मुलें “हो” म्हणतात. त्याऐवजीं कोणाहि एकाला “मी काय सांगितलें तें सांग पाहूं” असें म्हणूं लागलांत, म्हणजे तिला तीच गोष्ट दुसऱ्यांदां, जवळच्या मुलाच्या तोंडून ऐकावयास मिळे. आणि आपण ओरडून बोलत नव्हतां. आमच्या घरीं प्रथम सगळे तिच्याशीं ओरडूं लागले होते. ओरडल्यानें स्वर तेवढे फुगतात आणि हलके वर्ण त्यांखालीं अधिकच दबतात, हें आपल्या निरोपावरून कळल्यावर आम्हीं जवळ जाऊन, तिचें लक्ष वेधून, सावकाश बोलण्यास शिकलों. एकत्र कुटुंबांत दोन माणसांनीं एका वेळीं बोलूं नये हा नियम पाळणें किती कठीण आहे, हें मी निराळें सांगावयास नको.

डिसेंबरांत पुन्हां अकोल्यास गेलों. उजव्या कानाचा आलेख चढउताराचा आला आणि श्रवण १५ डेसिबलवर आलें. डावा अजून सपाट होता. एक कान मोकळा झाला आहे आणि शाळेंत व्यवस्था चांगली आहे, तेव्हां घाई नको, असें डॉक्टर म्हणाले. फेब्रुवारीच्या अखेरीस डावाहि मोकळा झाला. नळी बसवावी लागली नाहीं. लागली असती तरी त्यांत भय नव्हतें; पण लागली नाहीं याचें श्रेय फुग्याला किती, वाट पाहण्याला किती आणि वाढत्या वयाला किती, हें डॉक्टरांनाहि सांगतां येईना. त्या सहा महिन्यांत ती वर्गांत मागें पडली नाहीं, याचें श्रेय मात्र विभागतां येत नाहीं. तें एकट्या आपलें आहे.

हें संपलें असें मी मानीत नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत सर्दी होईल तेव्हां पाणी पुन्हां सांचूं शकेल, असें डॉक्टरांनीं बजावलें आहे. दहाएक वर्षांची होईपर्यंत जपावें लागेल. म्हणून आपली परीक्षा आम्हीं घरीं घेतली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तिची आई दहा शब्द समोरून आणि दहा शब्द पाठीमागून सांगते. पाठीमागच्या चुका समोरच्यांहून फार वाढल्या, आणि त्या दोन-तीन आठवडे तशाच राहिल्या, तर अकोल्यास जावयाचें. भावंडांनाहि तीच परीक्षा. त्यामुळें ती एकटी पडत नाहीं. कान वाहूं लागला, दुखूं लागला, किंवा एखाद्या लहानग्याचें बोलणेंच लांबलें, तर मात्र परीक्षेची वाट न पाहतां तडक जावें, हेंहि आतां घरांत सर्वांस पाठ आहे. पुढील वर्षीं तिची वर्गशिक्षिका बदलेल. आपण नव्या बाईंसाठीं बाकाच्या जागेचा नकाशा काढून निकालपत्रकांत घातलेला मला सांपडला. त्यावर खडूचा पांढरा अंगठा उमटला आहे. तो मीं पुसला नाहीं.

आम्ही नऊ माणसें तिच्यावर माया करणारीं. आमच्यांत तिच्याकडे पाहण्याची उणीव नव्हती. उणीव होती ती एवढीच कीं, तिचें उत्तर चुकलें म्हणजे आम्हीं तिच्याकडे पाहत होतों, आणि आपण आपण कोठें उभ्या होतां तें पाहिलेंत. मीं वीस शब्द झोपाळ्यावरून सांगितले ते वर्षभर. झोपाळ्यावरून उठून तिच्याजवळ जाऊन बसावें, असें मला एकदांहि सुचलें नाहीं.

आतां एक नवी तक्रार सुरू झाली आहे, ती आपल्या कानावर घालतों. गेले दोन महिने ती रात्रीं आजोबांच्या खोलींत निजावयास तयार नाहीं. कारण विचारतां म्हणते, “आजोबा घोरतात.” ते गेलीं तीस वर्षें घोरत आहेत. तीर्थरूपांना हें सांगितलें तेव्हां ते क्षणभर गंभीर झाले आणि मग डोळे पुसून म्हणाले, “माझें घोरणें कोणाच्या कानीं पडलें म्हणून मला आनंद होईल असें कधीं वाटलें नव्हतें.”

त्यांचे आणि मातोश्रींचे आपणांस अनेक आशीर्वाद. धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. सुटींत आपण माहेराहून परत आल्यावर एक दिवस आमच्याकडे भोजनास यावें, अशी घरांतील सर्वांची इच्छा आहे. त्या दिवशीं पंगतींत एका वेळीं एकच माणूस बोलेल, असें वचन देववत नाहीं. पण प्रयत्न करूं.

कळावें, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
आपल्या वर्गांतील एका मुलीचा बाप